कलादालनातली किटली: नेहमीच्या वस्तूला कलाकृती कधी म्हणायचे?

कोल्हापूरच्या प्रेक्षकाला चित्र कसे पाहायचे हे सहसा शिकवावे लागत नाही. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात रंगाची समज, रेखाटनातली पकड आणि हाताची सफाई यांची पारख घराघरांत मुरलेली आहे. ही पारख एका ठिकाणी मात्र अपुरी पडते. असे समजा की, दसरा चौकातल्या राजर्षी शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात काही तरुण कलाकारांचे प्रदर्शन भरले आहे आणि भिंतीवरच्या चित्रांच्या मधोमध, पांढऱ्या चौथऱ्यावर, दुधाची एक ॲल्युमिनियमची किटली ठेवली आहे. तिच्या बुडाला दोन पोचे आहेत, कडीला सायकलच्या हँडलवर घासून आलेली चकाकी आहे आणि झाकणाच्या कडेला जुन्या दुधाचा पिवळसर थर बसला आहे. शेजारच्या लेबलावर कलाकाराचे नाव, वर्ष आणि ‘सकाळ’ हे शीर्षक आहे. बघणाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणतोच, “असल्या चार किटल्या आमच्या गोठ्यात पडल्यात की!”

हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच तो गांभीर्याने घेतला पाहिजे. गोठ्यातल्या चार किटल्या कलाकृती नाहीत आणि चौथऱ्यावरची पाचवी कलाकृती आहे, असे म्हणायचे असेल तर या दोहोंत फरक कोणता, हे सांगता आले पाहिजे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉर्ज डिकी यांनी 1969 पासून मांडलेला कलेचा संस्थात्मक सिद्धान्त हे याच प्रश्नाचे एक उत्तर आहे. पुढे दिलेल्या पायऱ्या कलाशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकासाठी आहेत. किटलीसारख्या वस्तूसमोर उभे राहून हा सिद्धान्त कसा लावून पाहायचा आणि तो कोठे अडतो हे कसे ओळखायचे, एवढाच त्यांचा विषय आहे.

पहिली पायरी: दोन प्रश्न वेगळे करा

“ही काय कला झाली?” या एका वाक्यात दोन प्रश्न दडलेले असतात. ही वस्तू कलाकृती या वर्गात मोडते का, हा एक प्रश्न आणि ती चांगली आहे का, हा दुसरा. घाईघाईत, उसन्या रंगसंगतीत रंगवलेले पन्हाळ्याचे निसर्गचित्र वाईट असू शकते, पण ते वाईट चित्र असते. वाईट आहे म्हणून ते चित्र नाही असे आपण म्हणत नाही. डिकी यांचा सिद्धान्त केवळ पहिल्या, म्हणजे वर्गाच्या, प्रश्नाचे उत्तर देतो. तो मान्य केल्याने किटली थोर ठरत नाही आणि तिच्यासाठी किंमत मोजण्याचे बंधनही कोणावर येत नाही.

आपली गल्लत होते आहे का, हे तपासण्याचा सोपा उपाय आहे. किटली कलाकृती नाही असे वाटण्याचे आपले कारण एका वाक्यात लिहून काढावे. “यात मेहनत नाही”, “हे सुंदर नाही”, “याला एवढी किंमत कशाला” यांपैकी काही लिहिले गेले असेल, तर आपण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाखाली लिहिले आहे. ते उत्तर बरोबरही असेल, पण ते बाजूला ठेवून पुढे जावे.

दुसरी पायरी: डोळ्यांना दिसते ते सगळे लिहा आणि ते पुरत नाही हे पाहा

आता किटलीचे वर्णन करावे: आकार, धातू, पोचे, कडी, झाकण, थर. यादी कितीही बारकाईने केली तरी तिच्यातला एकही गुण गोठ्यातल्या किटलीत नाही असे म्हणता येणार नाही. म्हणजे फरक दिसण्यात नाही.

हे कोडे सर्वांत धारदार स्वरूपात मांडले ते अमेरिकन तत्त्वज्ञ आर्थर डान्टो यांनी. एप्रिल 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी ‘ब्रिलो’ या साबण लावलेल्या घासण्यांच्या खोक्यांसारखी दिसणारी प्लायवुडची खोकी रचून ठेवली होती. दुकानातली खोकी पुठ्ठ्याची होती आणि वॉरहॉल यांची लाकडी, छापलेली; पण हा फरक निर्णायक आहे असे डान्टो यांनी मानले नाही, कारण ती पुठ्ठ्याची असती तरी प्रश्न तोच राहिला असता. दुकानातल्या मूळ खोक्याची रचना जेम्स हार्वी नावाच्या माणसाने केली होती आणि तो स्वतः अमूर्त चित्रे काढणारा चित्रकार होता. म्हणजे ‘कलाकाराच्या हातची वस्तू’ ही कसोटी लावली तर दोन्ही खोकी उतरतात, ‘आकर्षक मांडणी’ ही लावली तरीही दोन्ही उतरतात, आणि तरी एक खोके गोदामात गेले व दुसरे कलेच्या इतिहासात. डान्टो यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या निबंधात निष्कर्ष काढला की एखाद्या वस्तूकडे कला म्हणून पाहण्यासाठी डोळ्यांना न दिसणारे काहीतरी लागते: कलाविषयक विचारांचे वातावरण, कलेच्या इतिहासाची जाण, एक ‘कलाविश्व’. हा शब्द डिकी यांनी तेथूनच उचलला आणि त्याला संस्थेचे रूप दिले. डान्टो यांना ते रूप कधीच पटले नाही. त्याचे कारण चौथ्या पायरीवर येईल.

तिसरी पायरी: वस्तूवरून नजर काढून कृतीकडे वळवा

हीच पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि सगळ्यांत जास्त चुका येथेच होतात. डिकी यांची 1974 ची व्याख्या सोप्या शब्दांत अशी: कलाकृती म्हणजे अशी मानवनिर्मित वस्तू, की जिच्या काही अंगांना, कलाविश्व या सामाजिक संस्थेच्या वतीने वागणाऱ्या एका किंवा अनेक व्यक्तींनी, आस्वादासाठी ‘उमेदवार’ हा दर्जा दिला आहे. उमेदवार हा शब्द जपून वापरलेला आहे. उमेदवारी मिळणे म्हणजे निवडून येणे नव्हे. कलाकृती होण्यासाठी कोणाला ती आवडली पाहिजे अशी अट नाही. ती आस्वादासाठी पुढे केली गेली पाहिजे, एवढेच.

नवख्या वाचकाचा येथे हमखास होणारा समज असा की, ‘कलादालनात ठेवले की कलाकृती होते’. हे डिकी यांचे म्हणणे नाही. ते तपासण्यासाठी शाहू स्मारकातून निघून भाऊसिंगजी रोडवरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात जावे. तेथे ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू मांडलेल्या आहेत. रोजच्या वापरातली प्राचीन भांडीही तेथे लेबलासह, काळजीपूर्वक ठेवलेली दिसतात. त्यांच्याभोवती चौकट आहे, प्रेक्षक आहे, संस्था आहे; तरी ते भांडे तेथे कलाकृती म्हणून नव्हे, तर पुरावा म्हणून ठेवलेले असते. लेबल काळ आणि ठिकाण सांगते, शीर्षक देत नाही. त्याच इमारतीत चित्रेही आहेत आणि ती वेगळ्या रीतीने पाहावी अशी अपेक्षा असते. म्हणजे फरक इमारतीचाही नाही. वस्तू कोणत्या चौकटीत, कशासाठी पुढे केली आहे याचा आहे. डिकी यांनी स्वतः बाल्टिमोरच्या प्राणिसंग्रहालयातल्या बेट्सी नावाच्या चिंपांझीच्या चित्रांबद्दल हाच मुद्दा मांडला होता: शिकागोच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ती चित्रे प्राण्याच्या वर्तनाचा नमुना ठरतात, पण त्याच शहरातल्या कलासंग्रहालयाने ती लावली असती तर ती कलाकृती ठरली असती, आणि तीही बेट्सीची नव्हे, तर लावणाऱ्या माणसाची.

दुसरा पडताळा महाद्वार रोडवरच्या एखाद्या भांड्यांच्या दुकानाशी करावा. दुकानदारही नवी किटली दर्शनी भागात टांगतो, उजेड तिच्यावर पडेल असे पाहतो आणि “बघा तर खरं, कशी घडणावळ आहे” असे म्हणतो. तोही ती दाखवण्यासाठीच पुढे करतो आहे, मग ती कलाकृती का नाही? डिकी यांनी हा आक्षेप नळ आणि मोऱ्यांचे सामान विकणाऱ्या माणसाचे उदाहरण घेऊन स्वतःवरच घेतला होता. त्यांचे उत्तर असे की, “मी या माणसाला उमेदवार घोषित करतो” हे वाक्य रस्त्यावरचा कोणीही उच्चारू शकतो, पण निवडणूक अधिकाऱ्याने त्याच्या पदावरून उच्चारले तरच उमेदवारी लागू होते. दुकानदाराची कृती विक्रीच्या चौकटीतली आहे. उद्या त्यानेच तीच किटली प्रदर्शनात कलाकृती म्हणून मांडायचे ठरवले तर त्याला अडवणारे काही नाही. आज त्याने तसे केलेले नाही, इतकेच.

आता या वादाच्या मूळ प्रकरणाकडे येऊ, कारण संस्थात्मक सिद्धान्ताची खरी परीक्षा तेथे होते. एप्रिल 1917 मध्ये न्यूयॉर्कला ‘सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्स’ या संस्थेने मोठे प्रदर्शन भरवले. परीक्षक नाहीत, बक्षिसे नाहीत, 6 डॉलर भरले की कोणाचीही कृती लावली जाईल, हा त्यांचा जाहीर नियम होता. संस्थेच्या संचालक मंडळात असलेल्या मार्सेल द्यूशाँ यांनी चिनी मातीचे एक तयार मूत्रपात्र आडवे ठेवून, त्यावर ‘आर. मट 1917’ अशी सही करून, ‘फाउंटन’ म्हणजे कारंजे या नावाने पाठवले. स्वतःचे नाव त्यांनी दिले नव्हते. मंडळात वाद झाला आणि पैसे भरलेले असूनही ते प्रदर्शनात मांडायचे नाही असे ठरले. द्यूशाँ यांनी राजीनामा दिला. पुढे छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी आपल्या गॅलरीत त्याचे छायाचित्र घेतले, ते मे 1917 मध्ये एका छोट्या नियतकालिकात छापून आले आणि सोबतच्या मजकुरात म्हटले होते की, श्री. मट यांनी ते हाताने घडवले की नाही याला महत्त्व नाही, त्यांनी ते निवडले. मूळ वस्तू नंतर हरवली.

येथे वाचकाने थांबून स्वतःला विचारावे: संस्थेनेच नाकारलेली वस्तू संस्थात्मक सिद्धान्तानुसार कलाकृती कशी? ‘कलादालनात ठेवले की कला’ या समजाने पाहिले तर ती कलाकृती नाही, किंवा फार तर छायाचित्र छापले गेल्यावर झाली, असे म्हणावे लागेल. डिकी यांच्या व्याख्येनुसार मात्र संचालक मंडळाच्या मताची गरजच नाही. व्याख्येत ‘एका किंवा अनेक व्यक्तींनी’ असे म्हटले आहे आणि कलाविश्वात ती एक व्यक्ती बहुतेक वेळा स्वतः कलाकारच असते. द्यूशाँ हे अनेक वर्षे चित्रे प्रदर्शित करणारे कलाकार होते, ज्या व्यवहारात ते ही वस्तू पाठवत होते तो व्यवहार त्यांना आतून माहीत होता आणि त्यांनी ती त्याच व्यवहाराच्या रीतीने, म्हणजे नाव, सही, शीर्षक आणि प्रवेशशुल्कासह, पुढे केली होती. मंडळाने तिला जागा नाकारली, पण जिला जागा नाकारली ती प्रदर्शनासाठी आलेली कृती होती. मला हा मुद्दा या सिद्धान्तातला सर्वांत भक्कम भाग वाटतो: त्यात सत्ता कलादालनाच्या चाव्या असणाऱ्यांकडे नाही, तर रीत जाणून ती वापरणाऱ्याकडे आहे.

किटलीला हे लावताना लेबल नीट वाचावे आणि शक्य असेल तर कलाकाराशी किंवा संयोजकांशी बोलावे. कलाकार कोण, ही त्याची एकटीच कृती आहे की त्याच मालिकेत आणखी काही आहे, माध्यमाच्या जागी काय लिहिले आहे, कृती आडवी, उलटी किंवा विशिष्ट उंचीवर ठेवण्याचे कारण काय, असे विचारावे. आपल्या उदाहरणात कलाकार हा दृश्यकला शिकणारा एक विद्यार्थी आहे. त्याने घरातली वापरलेली किटली न घासता आणली, जुना थर मुद्दाम राहू दिला आणि ती डोळ्यांच्या उंचीवर ठेवली. कृती कोणी केली, कोणत्या भूमिकेतून आणि कोणापुढे, या तिन्हींची उत्तरे येथे मिळतात.

आता उलट प्रसंग पाहा. दालनाच्या कोपऱ्यात शिपायाने चहाची किटली ठेवली आणि लोक तिच्याभोवती गंभीरपणे उभे राहिले, तर ती कलाकृती होईल का? असा प्रकार खरोखर घडला आहे. 2016 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात काही मुलांनी जमिनीवर एक चष्मा ठेवून दिला आणि येणारे लोक वाकून त्याचे फोटो काढू लागले. डिकी यांच्या मते प्रेक्षकांची समजूत वस्तूला कलाकृती बनवत नाही, तिला कोणीतरी तशी पुढे केलेली असावी लागते. शिपायाच्या किटलीबाबत निकाल सरळ आहे: तसे कोणीही काही केलेले नाही. चष्म्याबाबत मात्र तो तितका सरळ नाही, कारण मुलांनी तो लोकांनी पाहावा म्हणूनच ठेवला होता. ते गंमत म्हणून वागत होते की कलाविश्वाच्या रीतीने एक कृती सादर करत होते, हे त्यांच्या हेतूवर आणि समजेवर अवलंबून राहील. निकाल अशा ठिकाणी अडला तर सिद्धान्त चुकला असे लगेच समजू नये. कोणती माहिती मिळवायची बाकी आहे, हे तो येथे नेमके दाखवतो.

चौथी पायरी: नक्की कशाचा आस्वाद घ्यायला सांगितले आहे, ते ठरवा

व्याख्येत ‘वस्तूला’ नव्हे तर ‘वस्तूच्या काही अंगांना’ उमेदवारी दिली जाते असे म्हटले आहे आणि हे शब्द निरर्थक नाहीत. तैलचित्राची मागची बाजू, खिळे, कॅनव्हासची गाठ ही त्या वस्तूचीच अंगे असतात, पण ती आपल्यापुढे केलेली नसतात. किटलीसमोर उभे राहून विचारावे: पुढे केलेली अंगे कोणती? गोल पोट आणि धातूची चमक? पोचे आणि दुधाचा थर? की घरातून कलादालनात आणून ठेवण्याची कृती?

हा प्रश्न विचारला की सिद्धान्ताच्या मर्मावर बोट पडते. टेड कोहेन या तत्त्वज्ञाने 1973 मध्ये डिकी यांना विचारले की, काही वस्तू अशा असतात की त्यांचा आस्वाद घेताच येत नाही, जसे साधे टाचणखिळे, स्वस्त पांढरी पाकिटे, प्लास्टिकचे काटे. मग केवळ दर्जा दिल्याने त्या उमेदवार कशा होतील? डिकी यांचे उत्तर होते की ‘फाउंटन’च्या पांढऱ्या, चकचकीत पृष्ठभागात, त्याच्या अंडाकार वळणात आस्वाद घेण्याजोगे गुण आहेतच, ब्रांकुशी आणि मूर यांच्या शिल्पांत आपण तसलेच गुण पाहतो. पाकिटाकडेही मन लावून पाहिले तर काही ना काही सापडेल.

डान्टो यांना हे अजिबात पटले नाही आणि माझे मतही त्यांच्याच बाजूचे आहे. त्यांचा युक्तिवाद असा: चकचकीत पृष्ठभाग आणि वळण हे गुण त्याच कारखान्यात घडलेल्या प्रत्येक मूत्रपात्रात आहेत. ‘फाउंटन’ या कृतीत मात्र धाडस आहे, आगाऊपणा आहे, अनादर आहे, चातुर्य आहे. हे गुण दुकानातल्या मूत्रपात्रात नाहीत आणि असू शकत नाहीत. म्हणजे आपण आस्वाद घेतो तो चिनी मातीचा नव्हे. कलाकृती होण्याने वस्तूला नुसता दर्जा मिळत नाही, तिला कशाविषयी तरी बोलण्याची क्षमता मिळते आणि तेव्हापासून तिचा अर्थ लावावा लागतो.

किटलीवर याचा पडताळा सहज घेता येतो. तिची गोलाई आवडली म्हणून एखादा प्रेक्षक खूश झाला, तर त्याने गोठ्यातल्या किटलीचाही तेवढाच आस्वाद घेतला असता. त्याला कलादालनात यायचे कारण नव्हते. ‘सकाळ’ हे शीर्षक वाचून, तो पिवळसर थर कोणाच्या किती पहाटेंचा आहे, ती किटली रोज कोण घासत होते आणि प्रदर्शनासाठी ती मुद्दाम न घासता का आणली, असे प्रश्न ज्याला पडले, तो कृतीच्या अंगांपाशी पोहोचला. न घासणे हा गोठ्यात निष्काळजीपणा असतो आणि चौथऱ्यावर निर्णय असतो. हा फरक संस्थेच्या चौकटीमुळे शक्य झाला, हे डिकी यांचे म्हणणे खरे आहे. पण फरक नेमका काय आहे, हे सांगायला चौकट पुरी पडत नाही. म्हणून प्रदर्शनात टिपणे काढणाऱ्याने दोन रकाने करावेत: एका रकान्यात वस्तूचे असे गुण लिहावेत जे जुळ्या वस्तूतही आहेत, आणि दुसऱ्यात केवळ या कृतीचे गुण. दुसरा रकाना कोरा राहिला, तर सिद्धान्तानुसार ती कृती कलाकृती असेलही, पण तिच्याविषयी बोलण्यासारखे तुमच्यापाशी अजून काही नाही आणि तसे मोकळेपणाने म्हणावे.

पाचवी पायरी: सिद्धान्त कोठे ताणला जातो, ते पाहा

डिकी यांनी 1984 मध्ये आपली मांडणी बरीच बदलली. तत्त्वज्ञ मन्रो बिअर्ड्स्ली यांनी त्यांना दाखवून दिले होते की विद्यापीठ किंवा न्यायालय यांच्या वतीने कोणी वागू शकतो, कारण त्यांना नियम आणि अधिकारपदे असतात. कलाविश्व ही मात्र एक चालत आलेली प्रथा आहे आणि प्रथेच्या ‘वतीने’ कोणी दर्जा बहाल करत नाही. डिकी यांनी हे मान्य करून दर्जा बहाल करण्याची भाषा सोडून दिली. नव्या मांडणीत कलाकृती म्हणजे कलाविश्वातल्या रसिकवर्गापुढे सादर करण्याच्या जातीची मानवनिर्मित वस्तू. कलाकार म्हणजे समजून-उमजून ती करणारी व्यक्ती. आणि रसिकवर्ग म्हणजे पुढे येईल ते काही अंशी समजून घेण्याची तयारी असलेली माणसे. निवडणूक अधिकाऱ्याच्या दाखल्यापेक्षा ही मांडणी मला बरी वाटते, कारण तिच्यात ठप्पा किंवा शिक्का नाही, समज आहे. कलाकृतीची व्याख्या कलाविश्वाच्या आधाराने आणि कलाविश्वाची कलाकृतीच्या आधाराने, असे वर्तुळ तिच्यात आहे. डिकी यांनी ते लपवले नाही; ज्या कल्पना एकमेकींना धरून असतात त्या लहानपणापासून एकत्रच शिकल्या जातात आणि म्हणून हे वर्तुळ दोषास्पद नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

अधिक अवघड आक्षेप ब्रिटिश तत्त्वज्ञ रिचर्ड वॉल्हाइम यांचा आहे. कलाविश्वातली माणसे एखादी वस्तू पुढे करतात तेव्हा त्यांच्याकडे त्यासाठी कारण असते की नसते? कारण असेल, तर तीच कलाकृतीची खरी कसोटी आणि व्याख्येत तेच यायला हवे. संस्था मग केवळ निरोप्या ठरते. कारण नसेल, तर कोणीतरी काहीतरी पुढे केले यात आपण लक्ष का घालावे? किटलीच्या बाबतीत हा आक्षेप असा लावावा: विद्यार्थ्याला विचारले की “हीच का, दुसरी का नाही?” आणि तो म्हणाला, “घरात पहिली हाताला लागली ती आणली,” तरीही डिकी यांच्यानुसार ती कलाकृतीच राहते. तो म्हणाला, “आईच्या हातची शेवटची न घासलेली किटली आहे, म्हैस विकली त्या दिवशीची,” तरीही ती कलाकृतीच, आणि दोन्ही वेळा एकाच अर्थाने. वर्गाच्या प्रश्नापुरते हे बरोबर आहे, कारण वाईट कलाकृतीही कलाकृती असते. पण या दोन उत्तरांतले अंतर हेच जर प्रेक्षकाला खरोखर महत्त्वाचे वाटत असेल, तर त्याने ते या सिद्धान्तात शोधू नये. ते तेथे नाही. पहिल्या पायरीवर बाजूला ठेवलेली कारणे आता परत हातात घ्यायची वेळ आलेली असते.

शेवटी एक व्यावहारिक प्रश्न उरतो. प्रदर्शन संपल्यावर किटली घरी गेली, आईने ती राखेने घासली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात दूध भरले, तर कलाकृतीचे काय झाले? डिकी यांच्या नंतरच्या मांडणीत याचा धागा सापडतो. नदीकाठचा ओंडका कोणी उचलून चित्रासारखा मांडला, तर तो नुसता ओंडका राहत नाही, ‘कलेचे माध्यम म्हणून वापरलेला ओंडका’ अशी संयुक्त वस्तू तयार होते, असे ते म्हणतात. त्यावरून पाहता कलाकृती होती ती माध्यम म्हणून वापरलेली, न घासलेली किटली. तो वापर संपला आणि किटली तेवढी शिल्लक राहिली. पुढच्या वर्षी त्याच विद्यार्थ्याने सांगलीत दुसरी किटली त्याच शीर्षकाने मांडली, तर लेबलावर एक वर्ष आहे की दोन, हे पाहावे. लंडनच्या टेट संग्रहालयातल्या ‘फाउंटन’च्या लेबलावर ‘1917, प्रतिकृती 1964’ असे लिहिलेले असते, कारण ते 1964 मध्ये, मूळ वस्तूच्या छायाचित्रावरून कारागिरांकडून खास घडवून घेतलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक आहे. बाजारातून निवडलेल्या वस्तूच्या जागी हाताने घडवलेली वस्तू आली आणि तरी ती त्याच नावाने ओळखली जाते. तेथे पहिल्या चार पायऱ्या पुन्हा लावून पाहाव्यात. दुसऱ्या पायरीचे उत्तर या वेळी वेगळे येते.